'रेसिग्नासिओन' म्हणजे राजीनामा नव्हे

प्रश्न: माझी मैत्रीण स्पेनमध्ये एका खाजगी शाळेत शिकवते. तिला दुसऱ्या देशात नोकरी मिळाली आहे आणि शाळेला स्पॅनिशमध्ये राजीनामा द्यायचा आहे. 'कार्ता दे रेसिग्नासिओन' हे शीर्षक बरोबर आहे ना? की 'दिमिसिओन', 'रेनुन्सिया', 'बाहा' यांपैकी काही वापरावं?

नाही, नाही आणि पुन्हा एकदा नाही. हा 'रेसिग्नासिओन' वाचून वाचून आता वैताग आला आहे. इंग्रजी शब्दाला स्पॅनिश शेपूट लावलं की स्पॅनिश शब्द तयार होतो, अशी समजूत कोणी पसरवली कोण जाणे! आजच्या स्पॅनिशमध्ये 'रेसिग्नासिओन' म्हणजे आलेलं दुःख मुकाट्याने सोसणं, 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' अशी वृत्ती. हे शीर्षक वाचून मुख्याध्यापकांना वाटेल की बाईंनी नशिबापुढे हात टेकले आहेत, पण शाळेतच राहणार आहेत.

काही पंडित लगेच कोश उघडून दाखवतील की चर्चमधलं पद सोडणं हाही या शब्दाचा एक अर्थ आहे, आणि 'रेसिग्नार एल मान्दो', म्हणजे अधिकार दुसऱ्याच्या हाती सोपवणं, हा प्रयोगही होतो. आहे ना. मग तुमची मैत्रीण धर्मगुरू असेल किंवा सेनापती असेल तर खुशाल वापरा. कोशात अर्थ सापडला म्हणजे तो चारचौघांत चालतो असं मानणारे लोक पत्रं लिहीत नसावेत.

'दिमिसिओन' चुकीचा नाही. स्पेनच्या कामगार कायद्याच्या ४९व्या कलमात तोच शब्द आहे: 'पोर दिमिसिओन देल त्राबाहादोर', म्हणजे कामगाराच्या राजीनाम्याने. आणि त्याची व्युत्पत्ती इतकी गोड आहे की थोडं थांबतोच. लॅटिन 'मित्तेरे' म्हणजे पाठवणं, त्याला 'दि' जोडला की 'दिमित्तेरे', म्हणजे दूर पाठवणं, निरोप देणं. याच क्रियापदातून इंग्रजीत 'डिसमिस' आला. म्हणजे धातू एकच, पण इंग्रजीत मालक नोकराला घालवतो आणि स्पॅनिशमध्ये नोकर स्वतःच निघतो! स्पॅनिशमध्ये 'त्याला दिमितीर केलं' असं म्हटलं की जाणकार भुवया उंचावतात, कारण ही क्रिया ज्याची त्यानेच करायची असते. प्रार्थनासभेला स्पॅनिशमध्ये 'मिसा' म्हणतात, तोही याच घराण्यातला. सभेच्या शेवटी पाद्री 'इते, मिस्सा एस्त' म्हणून लोकांना निरोप देत, आणि त्या निरोपाचंच नाव अख्ख्या विधीला चिकटलं.

आता आपल्या 'राजीनाम्या'कडे या, कारण खरी गडबड तिथून सुरू होते. 'राजी' म्हणजे संमत, 'नामा' म्हणजे पत्र. उर्दूत 'राज़ीनामा' म्हणजे आजही तडजोडीचा कागद, नोकरी सोडायची तर तिथे 'इस्तीफ़ा' लागतो. मग मराठीत हा संमतीचा कागद सोडचिठ्ठी कसा झाला? माझ्या मते मुंबई इलाख्याच्या महसूल दप्तरातून. तिथे रयत जमिनीवरचा हक्क सोडताना लिहून देई तो राजीनामा, आणि नवा कसणारा लिहून देई ती कबुलायत. जमीन सोडण्याचा कागद पुढे नोकरी सोडण्याचा झाला. यावर 'हा निव्वळ तर्क आहे' असं म्हणणाऱ्यांनी याहून चांगला तर्क आणावा, मी वाट पाहतो.

पण या 'राजी'मुळे आपल्या डोक्यात घट्ट बसलं आहे की राजीनामा मंजूर व्हावा लागतो. म्हणून मराठी माणूस स्पॅनिश पत्रात हमखास 'सोलिसितो' लिहितो, म्हणजे 'मी विनंती करतो'. खाजगी शाळेतल्या शिक्षिकेला विनंतीची गरजच नाही. तिथला राजीनामा एकतर्फी असतो, मंजुरी लागत नाही, कारणही सांगावं लागत नाही. क्रियापद हवं 'कोमुनिको', म्हणजे कळवते. मंजुरी लागते ती सरकारी शाळेतल्या कायम शिक्षकाला. तिथे 'रेनुन्सिया' म्हणजे सरकारी सेवकाचा दर्जाच सोडणं आणि ती प्रशासनाने स्पष्टपणे स्वीकारावी लागते. मेक्सिको, कोलंबियात मात्र साध्या नोकरीलाही 'कार्ता दे रेनुन्सिया'च म्हणतात. अर्जेंटिनात शब्द तोच, पण खाजगी नोकरीत साधं पत्र पुरत नाही, तार करावी लागते किंवा कामगार खात्यापुढे जावं लागतं.

स्पेनच्या शाळेत रोजचा शब्द आहे 'बाहा बोलुन्तारिया'. दोन्ही शब्द एकत्रच लिहायचे. नुसतं 'बाहा' म्हटलं तर आजारपणाची रजा असा अर्थ होतो, आणि कार्यालय डॉक्टरचा कागद मागत बसेल. मुख्य वाक्य असं: 'लेस कोमुनिको मी देसिसिओन दे कौसार बाहा बोलुन्तारिया एन एल सेन्त्रो, सिएन्दो मी उल्तिमो दिया दे त्राबाहो एल ३१ दे अगोस्तो.' म्हणजे, शाळेतली नोकरी स्वेच्छेने सोडण्याचा माझा निर्णय कळवते, माझा कामाचा शेवटचा दिवस ३१ ऑगस्ट. कामाचा शेवटचा दिवस असा उघड लिहावा. 'अमुक तारखेपासून' लिहिलं की तो दिवस धरायचा की सोडायचा यावर वाद होतो.

३१ ऑगस्टच का? कारण शालेय वर्षाचा हिशेब १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असा चालतो. वर्ग जूनमध्ये संपतात म्हणून घाईने ३० जून लिहिलं, तर कायम नोकरीतली बाई जुलै-ऑगस्टच्या पगारावर पाणी सोडते. नवी नोकरी १ सप्टेंबरची असेल आणि तिला लागू सामूहिक करारात पूर्वसूचना, म्हणजे 'प्रेआबिसो', एक महिन्याची असेल, तर पत्र ३१ जुलैपर्यंत शाळेच्या हाती पडायला हवं. पण जुलैत कार्यालयात कोण भेटेल याचा भरवसा नाही, म्हणून जूनच्या शेवटच्या आठवड्यातच द्यावं. सूचनेचे दिवस कमी पडले, तर बऱ्याच करारांत तितक्या दिवसांचा पगार शेवटच्या हिशेबातून कापतात. पत्राच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर 'रेसिबी' (मिळालं), तारीख, सही, शिक्का घ्यावा. घ्यायला नकार दिला तर 'बुरोफाक्स', म्हणजे टपालखात्यामार्फत जाणारं नोंदणीकृत पत्र, करावा, पोच आणि मजकुराचा दाखला दोन्ही मागून.

परदेशाचा उल्लेख करायचाच असेल तर 'पुएस्तो एन एल एक्स्त्रान्हेरो', म्हणजे परदेशातली नोकरी, असं लिहावं. 'पोसिसिओन' हे पुन्हा इंग्रजीचं शेपूट. 'त्रास्लादो' तर मुळीच नको, त्याचा अर्थ याच संस्थेने केलेली बदली. आणि 'एस्तिमादो दिरेक्तोर'नंतर स्वल्पविराम नाही, अपूर्णविराम.

मैत्रिणीला एक गोष्ट मात्र पत्र देण्याआधीच विचारा: तिला परत यायचं आहे का? शाळेत किमान एक वर्ष झालं असेल तर तिला 'एक्सेदेन्सिया बोलुन्तारिया' मागता येते, म्हणजे ४ महिने ते ५ वर्षांची बिनपगारी सुटी. जागा राखून ठेवत नाहीत, पण तशी जागा रिकामी झाली तर तिचा अग्रहक्क राहतो. एकदा 'बाहा बोलुन्तारिया' लिहिलं की तो हक्क गेला. हा अर्ज असतो, आणि 'सोलिसितो' हे क्रियापद शोभतं ते इथेच.