‘पुश टू लाइव्ह’ दाबायच्या आधी ऑर्डरी कुठे साठतात ते बघा

प्रश्न: आमचं इंदूरला नमकीन-मिठाईचं छोटं दुकान आहे, वर्डप्रेस-वूकॉमर्सवर ऑनलाइन ऑर्डरी घेतो. वजनाप्रमाणे शिपिंग लावायचंय आणि चेकआउटचं पान बदलायचंय. होस्टिंगमध्ये स्टेजिंगचं, म्हणजे साइटची चाचणीसाठी कॉपी काढायचं, बटण आहे. तिथे सगळं करून बघायचं आणि मग ‘पुश टू लाइव्ह’ दाबायचं, एवढंच ना?

उत्तर:

अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यात मी स्वतः हात पोळून घेतलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी इंदूरलाच वेबसाइटची कामं करतो. राजवाड्याजवळच्या एका दुकानाचं काम माझ्याकडे होतं, अगदी तुमच्यासारखंच. राखीच्या आधीचा आठवडा. गुरुवारी रात्री स्टेजिंग कॉपी काढली, दोन दिवस निवांत काम केलं, सगळं छान चाललं. शनिवारी दुपारी पुश दाबलं आणि बाहेर खायला गेलो. संध्याकाळी शेठजींचा फोन: “भाऊ, दोन डब्यांवर एकच नंबर कसा? हा ४३१८ इंदूरचा आणि हा पण ४३१८, पुण्याचा.”

झालं असं की गुरुवार रात्र ते शनिवार दुपार या वेळात लाइव्ह साइटवर ६१ ऑर्डरी आल्या होत्या. माझ्या स्टेजिंगला त्यांचा पत्ताच नव्हता. पुश करताना स्टेजिंगचा डेटाबेस लाइव्हच्या डेटाबेसवर बसला, त्या ६१ पुसल्या गेल्या आणि नंबर मागे जाऊन पुन्हा तिथूनच सुरू झाले. साइट मात्र झक्कास उघडत होती, कुठेही एरर नाही. हा घोटाळा ओळखायच्या खुणा दोनच. एक म्हणजे नंबर परत येणं. दुसरी म्हणजे पेमेंट गेटवेच्या खात्यात पैसे दिसणं आणि साइटवर त्यांची ऑर्डरच नसणं.

सुटका कशी झाली तेही सांगतो. होस्टिंगचा शनिवार पहाटेचा बॅकअप होता, त्यात ४८ ऑर्डरी सापडल्या. तो बॅकअप लाइव्हवर न टाकता वेगळ्या डेटाबेसमध्ये उघडला, नाहीतर पुशनंतर आलेल्या नव्या ऑर्डरी गेल्या असत्या. उरलेल्या १३ शेठजींच्या जीमेलमधल्या ‘नवीन ऑर्डर’च्या मेलांवरून हातानं भरल्या. रात्रीचे दोन वाजले. मेल त्यांनी डिलीट केले नव्हते म्हणून वाचलो.

कारण साधं आहे. वर्डप्रेसची साइट दोन भागांत असते. थीम, प्लगिन, फोटो या फाइली. पानांचा मजकूर, सेटिंग, ग्राहक, स्टॉक, ऑर्डरी हे सगळं डेटाबेसमध्ये. फाइली सहसा तुम्हीच बदलता, पण दुकान चालू असलं की डेटाबेस दर तासाला ग्राहक बदलत असतात. म्हणून कॉपी काढताना दोन्ही भाग खाली आणायचे आणि परत जाताना फक्त फाइली वर न्यायच्या. तुमच्या बटणात ‘फक्त फाइली’ असा पर्याय आहे का ते आधी बघा. काही होस्टिंगवाले टेबल निवडू देतात, पण तिथे हुशारी नको. ऑर्डरी जुन्या पद्धतीने साठत असतील तर त्या `wp_posts` मध्ये, म्हणजे तुमच्या पानांच्या शेजारीच बसलेल्या असतात. नव्या पद्धतीत `wp_wc_orders` हे वेगळं टेबल असतं. तुमच्याकडे काय आहे ते वूकॉमर्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘फीचर्स’खाली दिसेल.

आता तुमच्याच कामाची वाटणी करू. चेकआउटचं पान चाइल्ड थीमच्या कोडमधून बदलणार असाल तर ती फाइल आहे, पुशने वर जाईल. वजनाप्रमाणे शिपिंगचं प्लगिनही फाइलच, फक्त ते लाइव्हवर एकदा ॲक्टिव्हेट करावं लागेल. पण शिपिंगचे झोन आणि दर, म्हणजे मध्य प्रदेशात अर्ध्या किलोला इतके, बाहेर इतके, हे डेटाबेसमध्ये राहतात. ते लाइव्हवर पुन्हा हातानं भरावे लागतील. मी त्यासाठी एक साधी वही ठेवतो: स्टेजिंगवर ज्या सेटिंगला हात लावला ती लगेच लिहायची, कुठल्या पानावर, आधी काय होतं, आता काय. प्लगिनचं सेटिंग एक्स्पोर्ट होत असेल तर उत्तम, नाहीतर दहा मिनिटांची टायपिंग. ६१ ऑर्डरी शोधण्यापेक्षा स्वस्त. आणि प्रत्येक मालाचं वजन भरलंय का तेही तपासा. वजन रिकामं असलं की बरीच प्लगिनं ते शून्य धरतात आणि दोन किलो सेव सर्वांत हलक्या दरात जाते.

दुसरा धोका उलट बाजूचा. स्टेजिंगमध्ये तुमच्या खऱ्या ग्राहकांचे खरे ईमेल आलेले असतात. गंमत म्हणून जुन्या वीस ऑर्डरींचं स्टेटस ‘पूर्ण’ केलंत, तर वीस जणांना मेल जाईल की ऑर्डर पूर्ण झाली. मग उज्जैनच्या एखाद्या काकू फोन करतात, “अहो, मी दुसऱ्यांदा मागवलंच नाही!” म्हणून कॉपी काढल्यावर माझं पहिलं काम मेल बंद करणं. `wp-content/mu-plugins/` मध्ये `no-mail.php` नावाची फाइल, फोल्डर नसेल तर बनवा:

```php
<?php
if ( false !== strpos( home_url(), 'staging' ) ) {
    add_filter( 'pre_wp_mail', '__return_false' );
}
```

पहिल्यांदा मी ती `if` ची ओळ घातली नव्हती. फाइली पुश झाल्या तशी हीही लाइव्हवर गेली आणि खऱ्या दुकानाचे मेलच बंद. ती अट असली की फाइल दोन्हीकडे राहिली तरी चालते. मात्र तुमच्या कॉपीच्या पत्त्यात `staging` हा शब्द नसेल तर जो असेल तो तिथे लिहा. चाचणी सोपी: स्टेजिंगवर स्वतःच्या नावाने पासवर्ड रीसेट मागा. मेल आलाच नाही तर काम झालं. एसएमएस आणि व्हॉट्सॲपची प्लगिनं मात्र या वाटेने जात नाहीत, ती स्टेजिंगवर सरळ बंद करा. स्टेजिंग साइटला पासवर्ड लावा, म्हणजे गूगलवर दुसरं दुकान दिसणार नाही आणि कोणी चुकून तिथे ऑर्डर देणार नाही.

पेमेंट गेटवे टेस्ट मोडला टाका. रेझरपे असेल तर की `rzp_test_` ने सुरू झाली पाहिजे. ही सेटिंगही डेटाबेसमध्येच असते. पूर्ण पुश केलंत तर लाइव्ह दुकान टेस्ट मोडवर जाईल, म्हणजे एकही खरा रुपया येणार नाही.

पुशचा दिवस म्हणाल तर मी मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास करतो. शुक्रवारी संध्याकाळी कधीच नाही, आणि सणाच्या आठवड्यात तर मुळीच नाही. आधी लाइव्हचा ताजा बॅकअप स्वतः घ्यायचा, रात्रीच्या आपोआप बॅकअपच्या भरवशावर राहायचं नाही. मग फक्त फाइली पुश, वहीतून सेटिंग भरणं, कॅशे साफ. त्यानंतर फोनवरून, लॉगिन न करता, सर्वांत स्वस्त पाकिटाची एक खरी ऑर्डर खऱ्या पैशांनी द्या. नंबर आधीच्या शेवटच्या ऑर्डरपेक्षा मोठा आहे का, मेल आला का, शिपिंग वहीतल्या दराप्रमाणे लागलं का, गेटवेत रक्कम दिसते का, एवढं बघा आणि मग त्या ऑर्डरचे पैसे परत करून टाका.