तारणाऐवजी शेजारणींचा जामीन

प्रश्न: आईकडे ना जमीन, ना सोनं. बँक नाही म्हणते, मग तिच्यासारख्या बायकांच्या गटाला कर्ज कसं मिळतं?

उत्तर: कोण फेडेल, कोण बुडवेल हे बँकेला कळत नाही, गल्लीतल्या बायकांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून पाच जणी एकमेकींना जामीन राहतात, आणि गटात कुणाला घ्यायचं ते त्याच पारखून ठरवतात. हप्ता 500 रुपयांचा असेल आणि एकजण आजारी पडली, तर चौघींवर 125-125 चा भार येतो. तो पेलतो. पण मराठवाड्यात पावसाने दडी मारली की सोयाबीन सगळ्यांचंच जातं, मजुरीही थांबते. तिघी अडल्या तर उरलेल्या दोघींना प्रत्येकी 750 जादा भरावे लागतात. हप्त्यासाठी दुसरीकडून कर्ज काढलं जाऊ लागलं, की गट मोडायला आला समजा.