कार्डावर न लिहिलेलं तिसरं वाक्य

*मॅडम, मी ऐरोलीला राहते, मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका पर्यावरण संस्थेनं इंटर्नशिपच्या चाचणीसाठी ठाणे खाडीवर एक कार्ड करायला सांगितलं: एक वाक्य, एक आकडा. मी इथल्या कोळीवाड्यातल्या एका काकांशी बोलले आणि त्यांचं वाक्य घेतलं, ‘पक्षी आले की लोक फोटो काढायला येतात, ते बरंच आहे.’ आकडा होता ‘६५२१ हेक्टरचं फ्लेमिंगो अभयारण्य’. कार्ड परत आलं, शेरा ‘निवड चुकली’. डिझाइन तर सगळ्यांना आवडलं होतं. मी डिझाइनचा वेगळा कोर्स करू, की हे क्षेत्रच सोडू? काकांच्या बोलण्याची नोंद आणि कार्ड जोडलं आहे.*
(एक विद्यार्थिनी, ऐरोली)

कार्ड पाहिलं. रंग, मोकळी जागा, अक्षरं, सगळं नीट आहे. तेव्हा डिझाइनच्या कोर्सचे पैसे सध्या वाचव. शेरा लिहिणाऱ्यानं दोन शब्दांत उरकलं, पण त्याचं म्हणणं खरं आहे.

आधी आकडा. ६५२१ हेक्टर हे क्षेत्र खोटं नाही, फक्त ते अभयारण्याचं नाही. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली घोषित झालं, ते सुमारे १६९० हेक्टरचं, म्हणजे जवळपास १७ चौरस किलोमीटर. २०२२ साली ठाणे खाडीचा समावेश रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत झाला, आणि ६५२१ हेक्टर हे त्या रामसर क्षेत्राचं माप. त्यात अभयारण्यही येतं आणि भोवतीचा पट्टाही. म्हणजे तू साधारण पावपट जागेला पूर्ण जागेचा आकडा चिकटवलास. बातम्यांत ही दोन्ही मापं एकाच परिच्छेदात येतात, त्यामुळे घाईत मोठा आकडा उचलला जातो. आकडा उचलला की त्याच्यापुढे ‘कशाचा?’ आणि ‘केव्हाचा?’ हे दोन प्रश्न लिहायचे. उत्तर एका ओळीत देता आलं नाही तर आकडा कार्डावर जात नाही.

‘केव्हाचा?’ मी स्वतःच एकदा विसरले होते. २०१६ साली पालकांसाठी एक पत्रक केलं आणि त्यावर ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख अशी ठळक छापली. २०११च्या जनगणनेत ती तेवढीच होती. पण १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला आणि जुन्या आकड्यातले जवळपास ३० लाख लोक तिकडे गेले. पत्रक वाटून झाल्यावर पालघरच्याच एका पालकांनी मला ते हसत हसत सांगितलं.

आता वाक्य. तुझ्या नोंदीत काकांचं बोलणं असं आहे: ‘पक्षी आले की लोक फोटो काढायला येतात, ते बरंच आहे. पण आमच्या वाटेचं पाणी आता गाळानं भरलंय, त्याचा फोटो कुणी काढत नाही.’ तू पहिलं वाक्य घेतलंस. शब्द त्यांचेच, अक्षरही बदललेलं नाही, आणि तरी माणूस उलटा झाला. ते तक्रार करत होते आणि कार्डावर ते समाधानी दिसतात. आपली माणसं तक्रार करताना आधी चांगलं बोलून घेतात आणि मग ‘पण’ म्हणतात. खरं म्हणणं त्या ‘पण’नंतर असतं. नोंद वाचताना मी ‘पण’, ‘तरी’, ‘मात्र’ यांच्याभोवती पेन्सिलीनं गोल करते, वाक्य बहुधा तिथेच सापडतं.

मग घ्यायचं कोणतं? ‘त्याचा फोटो कुणी काढत नाही’ हे छोटं आणि झणझणीत आहे, पण ‘त्याचा’ म्हणजे कशाचा, हे कार्ड पाहणाऱ्याला कळणार नाही. म्हणून मागचा भागही हवा: ‘आमच्या वाटेचं पाणी आता गाळानं भरलंय, त्याचा फोटो कुणी काढत नाही.’ अकरा शब्द होतात, फोनवर दोन-तीन ओळींत बसतात. सुरुवातीचा ‘पण’ गाळला तर चालेल, कारण त्यानं म्हणणं फिरत नाही. ‘भरलंय’चं ‘भरले आहे’ मात्र करू नकोस. अवतरणचिन्हं लावलीस की आतली भाषा त्यांची. ‘वाटेचं’ म्हणजे होडीची वाट, हे स्पष्ट करायचं असेल तर ते अवतरणाबाहेर, त्यांच्या ओळखीच्या ओळीत लिही.

इथवर दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या. खरी अडचण त्या शेजारी ठेवल्यावर येते. कार्ड पाहणारा वाक्य वाचतो, आकडा वाचतो आणि मनातल्या मनात दोन्ही जोडून तिसरं वाक्य करतो. ते तू लिहिलेलं नसतं, पण जबाबदारी तुझीच. तुझ्या पहिल्या कार्डावरचं तिसरं वाक्य होतं: ‘एवढं मोठं अभयारण्य झालं आणि गावकरी खूश आहेत.’ यातले दोन्ही तुकडे चुकीचे.

नवं वाक्य घेतल्यावर मला आधी ७९४चा मोह झाला. अभयारण्याच्या १६९० हेक्टरांत ८९६ हेक्टर कांदळवन आहे आणि ७९४ हेक्टर पाणी. वाक्य पाण्याचं, आकडाही पाण्याचा, जोडी छान जमते. इतकी छान की वाचणारा सरळ समजेल, ७९४ हेक्टर पाणी गाळानं भरलं. काका फक्त त्यांच्या वाटेबद्दल बोलत होते. शब्द जुळले की जोडी खरी वाटते, आणि नेमकी तीच फसवते.

१६९० ठेवला तर तिसरं वाक्य असं होतं: ‘एवढी जागा राखीव आहे, तरी त्यातल्या एका अडचणीकडे कुणी बघत नाही.’ हे काकांच्या म्हणण्याशी जुळतं, पण एका अटीवर. त्यांची होडीची वाट अभयारण्याच्या हद्दीत असायला हवी. तुझ्या नोंदीत ते कुठेच नाही. त्यांना फोन करून वाट कुठून कुठे जाते ते विचार आणि हद्दीच्या नकाशावर लावून बघ. वाट हद्दीबाहेर पण रामसर क्षेत्रात असेल तर तुझा ६५२१ परत येतो, या वेळी स्वतःच्या नावानं: ‘ठाणे खाडी रामसर क्षेत्र, २०२२’. दोन्हींच्या बाहेर निघाली तर आकडा आणि वाक्य एकत्र ठेवू नकोस, दोन कार्डं कर.

फोनवर असतानाच वाक्य त्यांना वाचून दाखव आणि नाव घालायचं की नुसतं ‘मासेमार, ऐरोली’, तेही विचार. गाळाची तक्रार नावानिशी छापली तर त्रास त्यांना होईल, तुला नाही.

मांडणीबद्दल एवढंच: आकड्याखालची ओळ आणि माहिती कुठून घेतली ती ओळ तू फार बारीक केली आहेस. चौकोनी कार्ड फोनवर जेमतेम सहा-सात सेंटिमीटर रुंद दिसतं. ‘हेक्टर, अभयारण्य, २०१५’ वाचता आलं नाही तर १६९० नुसताच तरंगत राहतो. देवनागरीत वेलांट्या आणि उकार एकमेकांवर चढतात, म्हणून ओळींत अंतरही थोडं वाढव. स्वतःच्या फोनवर बघ, मग घरातल्या चष्मा लावणाऱ्या कुणालातरी चष्म्याशिवाय दाखव.

क्षेत्र सोडण्याबद्दल: तू जे काम करायला निघाली आहेस त्यात कार्ड करणारे पुष्कळ मिळतात, नोंद वाचून निवड करणारे कमी. मुलाखतीत तुझ्याकडून तेच काढून घेतील. म्हणून सुधारलेलं कार्ड त्याच संस्थेला पुन्हा पाठव, आणि सोबत चार ओळींची टीप जोड: आकडा कशाचा आणि केव्हाचा, वाक्य नोंदीत कुठे आहे, त्याच्या आधी काय होतं, आणि ७९४ का घेतला नाही. पोर्टफोलिओत दोन्ही कार्डं शेजारी ठेव, परत आलेलंसुद्धा. काकांना फोन भरती-ओहोटी बघून कर, होडीवर असतील तर उचलणार नाहीत.