तात्यांचा फुरशाचा मेसेज

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चुकीचा मेसेज आला की तिथेच 'हे खोटं आहे' असं लिहू नकोस. तू घरात धाकटी, आणि चाळीस माणसं वाचत असतात.

मागच्या लावणीच्या दिवसांत आमच्या तात्यांनी टाकलं होतं: फुरसं चावलं तर वर दोरी करकचून बांधा, जखमेवर चीर द्या. वर दुहेरी बाण होता, म्हणजे तो मेसेज हातोहात फिरून आलेला. असला मेसेज पाहून गप्प बसवत नाही. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, मग चीर दिली की रक्त थांबता थांबत नाही. आवळलेल्या दोरीने पाय निकामी होऊ शकतो.

मी तात्यांना फोन केला. आधी भातलावणीची चौकशी, मग म्हटलं, "तात्या, मुलं चिखलात असतात म्हणून तुम्ही टाकलंत ना? पण डॉक्टर बांधायला नको म्हणतात. पाय हलवू द्यायचा नाही, १०८ ला फोन करून थेट दवाखान्यात न्यायचं." हेच चार ओळींत लिहून त्यांना पाठवलं आणि ग्रुपवर त्यांनाच टाकायला सांगितलं. जुना मेसेज त्यांनी स्वतः काढला. तू अ‍ॅडमिन असलीस तरी तो काढू नकोस, कारण अ‍ॅडमिनने काढल्याचं सगळ्यांना दिसतं आणि माणूस दुखावतो. मात्र दोन दिवसांच्या आत फोन कर, नंतर त्यांनाही सगळ्यांकडचा काढता येत नाही.

आता तात्या पुढे पाठवण्याआधी मला विचारतात, "बाय, हा बरोबर आसा काय?"