आधी फिरवणं, खाऊ नंतर

कुत्र्यांसाठी घरी केलेला खाऊ विकायची तुझी कल्पना चांगली आहे, पण सुरुवात कुत्रे फिरवण्यापासून कर. भांडवल म्हणजे एक मजबूत पट्टा, पिशव्या आणि पाण्याची बाटली. शिवाय कुणाच्या कुत्र्याला काय पचतं, हे चालताचालताच कळतं. खाऊ करशील तेव्हा कांदा, लसूण, मनुका आणि चॉकलेट वर्ज्य, एवढं आत्ता पुरे.

गिऱ्हाईक चालण्याच्या अंतरावरचंच घे. तुझ्याच सोसायटीतले तीन कुत्रे, प्रत्येकी अर्धा तास, म्हणजे ने-आण धरून सकाळचे दोन तास गेलेच. चौथा लांबचा घेतलास की वेळापत्रक कोलमडतं. मी पुण्यात हीच चूक केली. निम्मा पैसा पेट्रोलात गेला.

पहिली फेरी मालकासोबत, फुकट. तेव्हा तीन गोष्टी बघ:

- रेबीजच्या लशीचं कार्ड.
- गळपट्टा डोक्यावरून निसटतो का? भेदरलेला कुत्रा मागे सरकतो आणि क्षणात मोकळा होतो. म्हणून छातीचा हार्नेसच माग.
- गल्लीतली भटकी कुत्री दिसली की तो काय करतो? भुंकत ओढत असेल तर रस्ता बदल, त्याला ओढत पुढे नेऊ नकोस.

दोन घरांचे कुत्रे एकत्र नेण्याचा मोह पहिले दोन-तीन महिने टाळ. जुंपली तर हात दोनच असतात.

एप्रिल-मेमध्ये डांबरावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघ. चटका बसला तर फेरी रद्द, मालक कितीही म्हणोत.