पायचीत: टप्पा, पॅड आणि स्टंप

डावखुरा वेगवान गोलंदाज, समोर उजवा फलंदाज. चेंडू सरळ मधल्या स्टंपवर चालला होता, तरी नाबाद! असं का?

टप्प्यामुळे. चेंडू लेग स्टंपच्या बाहेर पडला असेल तर पुढचं काही बघायचंच नसतं. मग तो तिन्ही स्टंप उडवणार असला तरी फलंदाज पायचीत होत नाही. टप्पा स्टंपांच्या रेषेत हवा, नाहीतर ऑफच्या बाहेर. फुलटॉसला टप्प्याची अटच नाही.

तुम्ही म्हणता तो चेंडू मोजून बघू. ओव्हर द विकेट टाकताना गोलंदाजाचा हात मधल्या स्टंपपासून साधारण ६० सेंटिमीटर लांब असतो, आणि तोही उजव्या फलंदाजाच्या लेगच्या बाजूला. तिथून फलंदाजाच्या स्टंपपर्यंतचं अंतर धरा १९ मीटर. आता चेंडू अजिबात न वळता मधल्या स्टंपकडे निघाला आणि स्टंपच्या ६ मीटर अलीकडे पडला, तर टप्प्याच्या वेळी तो मधल्या स्टंपच्या रेषेपासून १९ सेंटिमीटर लेगला असतो. स्टंपांची एकूण रुंदी २२.८६ सेंटिमीटर, म्हणजे मधल्या स्टंपपासून लेग स्टंपची बाहेरची कड जेमतेम साडेअकरा सेंटिमीटरवर. टप्पा सरळसरळ बाहेर. अशा कोनातून सरळ चेंडूवर मधला स्टंप हवा असेल तर तो स्टंपच्या साडेतीन मीटर आत, म्हणजे बराच पुढे, टाकावा लागतो. म्हणूनच हे गोलंदाज चेंडू आत आणायला धडपडतात. उजव्या हाताच्या गोलंदाजासमोर डावखुरा फलंदाज असला की हीच अडचण उलट बाजूने येते आणि मग तो राउंड द विकेट येतो.

चेंडू ऑफ स्टंपच्या बाहेर पॅडला लागला. एकाला बाद दिलं, दुसऱ्याला नाही. पंचांची मर्जी का?

मर्जी नाही, पण पंचांचा अंदाज मात्र आहे. बघायचं एवढंच की फलंदाजाने बॅटने खेळायचा खरा प्रयत्न केला का. केला असेल तर पॅडला लागताना चेंडू स्टंपांच्या रेषेतच हवा; ऑफच्या बाहेर लागला की तो सुटला. बॅट न चालवता पाय पुढे केला असेल तर ऑफच्या बाहेर लागूनही तो बाद होऊ शकतो, अर्थात चेंडू स्टंपवर जाणार असेल तर.

हे कलम का आलं ते १९५७ च्या एजबॅस्टन कसोटीवरून कळतं. पहिल्या डावात वेस्ट इंडिजच्या रामाधीनने ४९ धावांत ७ बळी घेतले होते. त्याचा चेंडू कुठे वळेल याचा इंग्लंडला पत्ता लागत नव्हता. दुसऱ्या डावात पीटर मे आणि कॉलिन काउड्री यांनी वळण ओळखण्याचा नादच सोडला. पुढचा पाय ऑफच्या बाहेर टाकायचा, चेंडू पॅडवर घ्यायचा. तेव्हाच्या नियमात फटका मारला की नाही हा प्रश्नच नव्हता; रेषेबाहेर लागला की नाबाद. दोघांनी ४११ धावांची भागीदारी केली, रामाधीनने त्या डावात ९८ षटकं टाकली. फटका न खेळणाऱ्याला बाद देण्याची तरतूद १९७० च्या दशकात आली.

आजही काही जण बॅट पॅडच्या मागे लपवून खेळल्याचा आव आणतात. पंचांनी त्याला फटका मानायचं काही कारण नाही.

चेंडू पायालाच लागायला हवा ना?

नाही. बॅटच्या आधी शरीराला कुठेही लागलेला चालतो. बॅट धरलेला हात मात्र बॅटच समजतात. १९९९ च्या ॲडलेड कसोटीत मॅक्ग्राचा चेंडू उसळेल म्हणून सचिन खाली वाकला, चेंडू उसळलाच नाही आणि खांद्याला लागला. डॅरिल हार्परने बोट वर केलं. वाद अजून चालतो, पण तो चेंडू बेल्सच्या खालून गेला असता की वरून, एवढाच. खांद्याला लागला म्हणून नाबाद, हा मुद्दा नियमात बसत नाही.

पडद्यावर चेंडू स्टंपला लागताना दिसतो, तरी ‘अंपायर्स कॉल’ म्हणून नाबाद. मग रिव्ह्यू कशाला?

पॅडला लागल्यानंतरचा मार्ग कोणी पाहिलेला नसतो, तो गणिताने काढलेला असतो. चेंडू पॅडपर्यंत जितका कमी दिसला आणि तिथून स्टंप जितके लांब, तितकी चूक वाढते. म्हणून पंचांचा नाबादचा निर्णय उलटवायला निम्म्याहून जास्त चेंडू स्टंपवर आदळताना दिसावा लागतो. नुसती कड घासत असेल तर मैदानावरचा निर्णय टिकतो, आणि रिव्ह्यूही वाया जात नाही. टप्प्याला अंपायर्स कॉल नसतो. आत किंवा बाहेर, एवढंच. पॅडला कुठे लागला यालाही तो लावतात, आणि ते मला पटत नाही. चेंडू पॅडला लागलेला कॅमेऱ्यात दिसलेला असतो, तिथे पुढचा अंदाज कुठून आला?