मानपत्रातला ‘शहाणा’

प्रिय चिरंजीव,

आप्पांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी लिहिलेला मानपत्राचा मसुदा वाचला. पहिल्याच वाक्यात ‘शहाणे, चतुर, सुज्ञ, विवेकी, धोरणी आणि चाणाक्ष’ असे सहा शब्द एका दमात आलेत. शब्दकोशात ते शेजारी शेजारी बसतात, गावाच्या कानाला मात्र प्रत्येकाचा वास वेगळा येतो.

आधी एक सोपी कसोटी घे. शब्दापुढे ‘फार’ लावून मोठ्याने म्हण. ‘फार शहाणे आहेत’, ‘फार चतुर आहेत’ म्हटलं की मागच्या रांगेत कुणीतरी हसणारच. ‘फार समंजस आहेत’, ‘फार विवेकी आहेत’ यावर कुणी हसत नाही. ‘शहाणा’ हा शब्द आपण टोमणे मारून इतका झिजवलाय, की दीडशहाणा आणि ‘अति शहाणा त्याचा बैल रिकामा’ त्याच्या मागोमाग येतात. तरी तो टाकून देऊ नकोस, कारण गावाचा तोच खरा शब्द आहे. फक्त विशेषण सोडून नाम वापर: ‘आप्पांचं शहाणपण’. इथे एका कान्याने घात होतो. ‘शहाणपण’ म्हणजे गुण, आणि ‘शहाणपणा’ म्हणजे बहुतेकदा आगाऊपणा; ‘जास्त शहाणपणा करू नकोस’ असंच आपण म्हणतो. मसुद्यात दोन ठिकाणी ‘शहाणपणा’ आहे, तिथला काना काढ.

आता बांधाचा प्रसंग. तू लिहिलंस, ‘आप्पांनी चतुराईने दोन भावांचा वाद मिटवला.’ चतुराई म्हटली की कुणाला तरी गुंडाळल्याचा संशय येतो, आणि ते दोन्ही भाऊ समोर बसलेले असणार. तुझ्याच मजकुराप्रमाणे आप्पांनी दोघांचं वेगवेगळं ऐकलं, सरकारी मोजणी करून घ्यायला लावली आणि खुणा पटल्यावरच दोघांना समोरासमोर बसवलं. म्हणजे हक्क कोणता आणि राग कोणता, हे त्यांनी निवडून बाजूला केलं. ‘विवेक’ या शब्दाच्या मुळाशी हेच वेगळं करणं आहे, म्हणून इथे ‘विवेकी’. ‘समंजस’ इथे चालणार नाही, कारण समंजस तो, जो दुसऱ्याची अडचण ओळखून स्वतःचं काहीतरी सोडतो. तो शब्द गाडीवाटेच्या परिच्छेदात ने. तिथे आप्पांनी स्वतःच्या रानातली पट्टी सोडली आहे.

1972 च्या दुष्काळाचा भाग चांगला उतरलाय. पाऊस गेल्याचं ओळखून त्यांनी दसऱ्यानंतर रब्बीची पेरणीच केली नाही आणि विहिरीचं पाणी वस्तीला पिण्यासाठी राखलं. याला तू ‘धोरणी’ म्हटलंस. धोरणी माणूसही पुढचं पाहतो, पण ऐकणाऱ्याला वाटतं की स्वतःच्या फायद्याचं पाहतो. ‘दूरदर्शी’ लिही. खरं तर तारीख, पेरणी आणि विहीर सांगितल्यावर विशेषण नसलं तरी चालेल.

‘चाणाक्ष’ काढूनच टाक. नजर तीक्ष्ण असल्याचं तो सांगतो, मन कसं आहे ते सांगत नाही. बैलबाजारात लोक आप्पांना सोबत नेत, तिथे ‘पारखी’ हा शब्द आयता आहे. ‘जाणकार’ही चालेल, पण कशाचे जाणकार ते लिहावं लागेल. नुसतं ‘जाणकार व्यक्तिमत्त्व’ लिहिलंस तर ते कुठल्याही फलकावर शोभेल.

शेवटच्या ओळीतल्या ‘विद्वान’ने मात्र आप्पाच अवघडतील. त्यांची शाळा चौथीपर्यंतची, हे गावाला ठाऊक आहे. ‘बहुश्रुत’ लिही. श्रुत म्हणजे ऐकलेलं, आणि आयुष्यभर कीर्तनं ऐकून ज्याला शेकडो अभंग पाठ झाले, त्याला तो नेमका बसतो. ‘ऋषितुल्य’, ‘प्रज्ञावंत’ असले शब्द घरचे लोक पुढे करतील. धोतराची घडी करत हसणारा माणूस त्यांच्याखाली दिसेनासा होतो.

‘सुज्ञ’ ठेवायचा तर आप्पांसाठी नको, श्रोत्यांसाठी ठेव: ‘सुज्ञ गावकरीहो’. जुन्या मराठी पत्रांच्या अखेरीस ‘बहुत काय लिहिणे, आपण सुज्ञ असा’ असं लिहीत, म्हणजे समोरच्याला मान द्यायचा तो शब्द आहे. छापताना पहिला ‘सु’ ऱ्हस्वच राहील हे पाहा. फ्लेक्सवाले हमखास ‘सूज्ञ’ करतात.

सहाचे चार शब्द राहतील: विवेकी, समंजस, पारखी, बहुश्रुत. पहिल्या वाक्यात यांतला एकही नको. तिथे नाव, वय आणि गावातलं त्यांचं काम एवढंच येऊ दे, आणि प्रत्येक शब्द त्याच्या प्रसंगानंतर ठेव. आधी शब्द ऐकला की लोक प्रसंगाकडे पुरावा मागितल्यासारखे पाहतात.

दुरुस्त मसुदा छापखान्यात देण्याआधी आप्पांच्या बरोबरीच्या एखाद्या म्हाताऱ्याला वाचून दाखव. तो ज्या शब्दावर गालात हसेल, तो खोडून टाक.

तुझे,
सर